दोन गिऱ्हाइकांचा कारखाना

मुलांनो, तुमची आई म्हणते की हे फोनवर सांग, पण फोनवर मी मध्येच चिडते आणि विषय भरकटतो. म्हणून लिहून पाठवते आहे. गेल्या हिवाळ्यात जळगावच्या लग्नाला आलात तेव्हा जेवणाच्या पंगतीत एक बाई माझ्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणाल्या, "ह्याच त्या. ह्यांच्यामुळे आमचा कारखाना बसला." धाकटी तेव्हा माझ्याशेजारी होती. तिनं दुसऱ्या दिवशी विमानतळाला जायला निघताना विचारलं, "आजी, ते खरं आहे का?" गाडी निघायला पाच मिनिटं होती. पाच मिनिटांत याचं उत्तर होत नाही. आता देते. अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खरं आहे ते त्या बाईंना माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहेच, मी जळगावच्या एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कर्ज विभागातल्या माणसाचं काम म्हणजे अर्ज वाचायचा, कारखाना बघून यायचा आणि टिपण लिहायचं: या माणसाला पैसे द्यावेत का, किती द्यावेत, आणि तो परत करू शकला नाही तर कशामुळे. शेवटचा भाग बहुतेक लोक दोन ओळींत उरकतात. मी उरकत नसे.

तुमची आई नववीतून दहावीत गेली त्या वर्षी पुठ्ठ्याच्या पेट्या करणाऱ्या एका कारखानदाराचा अर्ज माझ्या टेबलावर आला. एमआयडीसीत शेड, दोन जुनी मशीनं, तिसरं घ्यायचं होतं. हिशेब स्वच्छ होता. पण त्याचा सगळा माल दोनच ठिकाणी जायचा, एका तेलाच्या मिलला आणि एका बिस्किटांच्या कारखान्याला. मी टिपणात लिहिलं की यातलं एक गिऱ्हाईक तुटलं तर हप्ता भरायला काही उरत नाही, म्हणून मशीनसाठी निम्मंच कर्ज द्यावं आणि बाकीचं, तिसरं-चौथं गिऱ्हाईक मिळाल्यावर. कर्ज नाकारा असं मी लिहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

तो बँकेच्या अध्यक्षांच्या बैठकीतला माणूस. टिपण गोपनीय असतं, पण त्याला ते वाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. समोर पैसे भरायला आलेल्या लोकांची रांग होती.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्या घरी जेवायला किती माणसं?"

"तीन. का?"

"मग बरोबर आहे. तीन माणसांच्या स्वयंपाकातून तुम्हाला धंदा दिसतो. दोन गिऱ्हाइकं कमी वाटतात होय? अहो, दोन मोठी गिऱ्हाइकं मिळवायला माणसाची हयात जाते."

रांगेतली माणसं हसली. कॅशियरही हसला. मी म्हणाले, "भाऊ, मिळवायला हयात जाते, जायला एक फोन पुरतो." त्याचा चेहरा बदलला.

पंधरा दिवसांत माझी बदली शिंदखेड्याच्या शाखेत झाली. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय. जळगाव ते धुळे एक बस, धुळे ते शिंदखेडा दुसरी. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी रात्री यायचं. तिथे एका म्हाताऱ्या बाईंची खोली घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, इतली शिकेल शे तू, मंग आठे काबर उनी?" मी म्हटलं, इतकी शिकून इथे आले ती एक खरी गोष्ट लिहिली म्हणून. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते शिकलेल्या बायकांची बदली नवऱ्याशी भांडण झाल्यामुळे होते.

तीन वर्षं मी तिथे काढली. त्यातल्या पहिल्याच वर्षी, दहावीच्या परीक्षेच्या दोन महिने आधी, तुमच्या आईला कावीळ झाली. आजोबांनी तिचं सगळं केलं, पथ्याचं रांधलं, रात्री जागले, आणि मला सोमवारपासून गुरुवारपर्यंत कळवलं नाही, कारण मी रजा मागायला गेले असते आणि ती मिळाली नसती. तिला जेमतेम पास होण्याइतके गुण पडले. ती तेव्हा काही बोलली नाही आणि आजही बोलत नाही. मी ते विसरले नाही.

इकडे जळगावात त्या कारखानदाराला पूर्ण कर्ज मिळालं, मशीन आलं आणि काही बिघडलं नाही. तेलाची मिल बंद पडली, पण ती हळूहळू, पाच-सहा वर्षांत बंद पडली, आणि तोवर सावदा-रावेरकडची केळी परदेशी जायला लागली होती. केळी पेटीत जातात. त्याला नवी गिऱ्हाइकं मिळाली. बँकेत लोक म्हणायचे, बाईंचं टिपण खोटं ठरलं. टिपण खोटं नव्हतं. त्याचं नशीब बरं होतं, आणि बँकेच्या टिपणात नशीब धरता येत नाही.

पुढे अध्यक्ष बदलले, मी परत आले, कर्ज विभागाची प्रमुख झाले आणि निवृत्त झाले. त्यानंतरही बँकेनं मला मोठ्या अर्जांसाठी सल्लागार म्हणून ठेवलं. आठवड्यातून तीन दिवस जायचं, टिपण वाचायचं, दुरुस्त करायचं. आणि तेव्हा त्याची फाइल पुन्हा माझ्यासमोर आली.

तुम्हाला खरं सांगते, मी ती फाइल उघडण्याआधी चहा मागवला. सावकाश प्यायले.

आता त्याला कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेतून उचलायच्या पैशांची, मर्यादा दुप्पट हवी होती आणि स्वयंचलित मशीनसाठी मुदतीचं कर्ज. जीएसटीच्या विवरणांवरून मी गिऱ्हाइकांची यादी काढली. शंभर रुपयांच्या विक्रीत अठ्ठेचाळीस सावद्याच्या एका केळी निर्यातदाराकडून, पस्तीस रावेरच्या दुसऱ्याकडून, आणि उरलेले सतरा किरकोळ. पंचवीस वर्षांत माणूस कणभर बदलला नव्हता.

कारखाना बघायला गेले तेव्हा त्यानं मला ओळखल्यासारखं केलं. "या मॅडम, या." शेडमध्ये छतापर्यंत पेट्यांच्या थप्प्या होत्या. प्रत्येक पेटीवर चार रंगांत निर्यातदाराचं नाव, केळीचा घड आणि परदेशी अक्षरं. त्यानं एका थप्पीवर थाप मारली.

"हे बघा. ह्यांनी छपाईचे ठसेसुद्धा माझ्याकडे ठेवलेत. विश्वास लागतो याला."

"ठसे कोणाच्या मालकीचे?"

"त्यांच्याच."

"आणि ही पेटी त्यांनी नाही उचलली तर दुसरा कोणी घेईल?"

"दुसरा कशाला घेईल? नाव त्यांचं आहे ना."

"मग रद्दीच्या भावानं जाईल."

तो हसला. "मॅडम, असं अशुभ काय बोलता? हंगाम लागण्याआधी माल तयार लागतो. त्यांचा फोन येतो, मी छापून ठेवतो."

"लेखी ऑर्डर?"

"शब्द आहे."

त्याला कळलं नाही, पण तो मला टिपण सांगत होता. इतकी वर्षं त्यानं ज्याला विश्वास म्हटलं ते बँकेच्या बाजूनं असं दिसतं: तयार माल तारण म्हणून दाखवलाय, पण त्यावर दुसऱ्याचं नाव छापलंय, म्हणून तो एकाच माणसाला विकता येतो. येणी मोठी आहेत, पण ती दोनच माणसांकडून यायची आहेत. करार नाही, म्हणजे ते उद्यापासून दुसरीकडून पेट्या घेऊ शकतात. आणि हे दोघंही खरं तर दोन नाहीत. मी चौकशी केली तेव्हा कळलं, दोघांचे कंटेनर एकाच आखाती देशात जातात, एकाच हंगामात, एकाच पट्ट्यातल्या बागांतून. पिकावर रोग पडला किंवा तिकडचा बाजार बंद झाला तर दोघं एकाच आठवड्यात थांबणार. मी सावद्याचं गिऱ्हाईक वजा करून हिशेब मांडला. मजुरी आणि वीजबिल निघत होतं. हप्ता निघत नव्हता.

बँकेच्या कर्ज समितीनं माझ्या शिफारशीप्रमाणे कर्ज मंजूर केलं, पण अटी घालून. मर्यादा दुप्पट नाही, दीडपट. मशीनचं कर्ज दोन टप्प्यांत. कॅश क्रेडिटमध्ये दर महिन्याला कारखान्यानं माल आणि येण्यांची यादी द्यायची असते, आणि त्यावरून बँक ठरवते की या महिन्यात किती उचलता येईल. त्या यादीत छापलेला माल धरायचा नाही, नव्वद दिवसांपेक्षा जुनं येणं धरायचं नाही, आणि वर्षभरानंतर कोणत्याही एका गिऱ्हाइकाचं येणं ठरलेल्या हिश्श्यापेक्षा जास्त धरायचं नाही. म्हणजे वर्षभरात त्यानं नवी गिऱ्हाइकं शोधायची. दोन्ही निर्यातदारांकडून येण्याची लेखी खात्री मागवायची. या सगळ्या अटी योग्य होत्या. ज्याच्यावर माझा राग नसता त्यालाही मी याच घातल्या असत्या. समितीतला एक तरुण संचालक म्हणाला, "मॅडम, फार कडक." मी म्हटलं, "नशिबावर कर्ज देत नाही आपण." मला ते वाक्य म्हणायला पंचवीस वर्षं लागली होती.

इथवर मी बँकेचं काम केलं. पुढचं माझं स्वतःचं.

येण्याच्या खात्रीचं पत्र साधं असतं. कर्जदाराची संमती घेऊन बँक त्याच्या गिऱ्हाइकाला लिहिते: अमुक तारखेला तुमच्याकडून या कारखान्याला इतकी रक्कम येणं आहे, बरोबर असल्यास सही करून परत पाठवा. बस. याहून जास्त लिहायचं नसतं, कारण कर्जदाराची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. मी नव्या मुलामुलींना तोच पहिल्या दिवशी शिकवत असे.

सावद्याच्या पत्राचा मसुदा मी स्वतः टाइप केला. शेवटी एक वाक्य घातलं: "या कारखान्याची जवळपास निम्मी विक्री आपल्याला होत असल्यामुळे आपल्या उत्तरावर त्यांची कर्जमर्यादा अवलंबून आहे."

वाचायला निरुपद्रवी वाक्य. व्यवस्थापकांनी सहीच्या गठ्ठ्यात सही केली. मी पाकीट स्वतः टपालात दिलं, आणि त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या आजोबांना आवडते तशी वांग्याची भाजी केली. त्यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही."

निर्यातदार धंद्यातला माणूस. केळीच्या भावासाठी रोज सकाळी दहा शेतकऱ्यांशी घासाघीस करणारा. त्याला तोवर वाटत होतं की पेटीवाल्याकडे आपल्यासारखी दहा-बारा गिऱ्हाइकं असतील. त्या वाक्यानं त्याला कळलं की हा माणूस आपल्याला नाही म्हणूच शकत नाही. पुढच्या हंगामाच्या आधी त्यानं भाव कमी करून मागितला, पेटीमागे अडीच रुपये. पेटीमागे सुटत होते चार. आणि पैसे पंचेचाळीस दिवसांऐवजी चार महिन्यांनी. कारखानदारानं मान्य केलं. दुसरं काय करणार होता? महिन्याभरात रावेरच्या निर्यातदाराच्या कानावर गेलं, आणि त्यानंही तेच मागितलं.

मग माझ्या अटी कामाला लागल्या. पैसे चार महिन्यांनी यायला लागले तशी येणी नव्वद दिवसांपलीकडे गेली, आणि नव्वद दिवसांपलीकडची येणी यादीत धरायची नाहीत. दर महिन्याला त्याची उचल कमी होत गेली. त्याला कागदाच्या रोलचे पैसे रोख भरायचे होते आणि बँक म्हणत होती, तुम्ही आधीच जास्त उचललंय, आधी भरा. मी दर महिन्याच्या सातव्या दिवशी ती यादी वाचत असे. वर्तमानपत्राआधी.

पाचव्या महिन्यात तो बँकेत आला. वजन उतरलं होतं. त्यानं माझ्यासमोर एक कागद ठेवला. माझंच पत्र. सावद्याच्या माणसानं भाव पाडताना ते त्याच्या तोंडावर टाकलं होतं.

"हे शेवटचं वाक्य कोणी घातलं?"

"बँकेनं."

"बँक टाइप करत नाही, मॅडम. माणूस करतो." तो ओरडला नाही. "माझं काय चुकलं होतं? कर्ज थकवलं? खोटी बिलं दिली?"

मी म्हटलं, "शिंदखेडा आठवतं?"

"शिंदखेडा? तिथे माझं काय?"

"माझी बदली."

त्यानं कपाळाला आठ्या घालून बघितलं. मला वाटलं, नाटक करतोय. पण नव्हता करत. मी त्याला सगळं सांगितलं, रांग, स्वयंपाक, पंधरा दिवस, कावीळ. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "असेल. अध्यक्षांना मी बरंच काय काय सांगायचो तेव्हा. अक्का, देवाशप्पथ, मला तुमचा चेहरासुद्धा आठवत नव्हता."

मुलांनो, पंचवीस वर्षं मी ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, त्याच्या मनात मी एक दिवससुद्धा नव्हते. मी शिक्षा करत होते आणि शिक्षा कसली हे आरोपीला समजावून सांगावं लागत होतं. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका शिंदखेड्याच्या खोलीतही आला नव्हता.

मी माफी मागितली नाही. त्यानंही नाही. पत्र त्यानं घडी करून खिशात घातलं. त्याच्या हातात तो पुरावा होता, तक्रार केली असती तर मी आणि व्यवस्थापक दोघंही अडचणीत आलो असतो. त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर बँकेशी वैर झालं असतं, आणि त्याला बँकही एकच होती.

त्यानं धुळे रस्त्यावरचा प्लॉट विकून जास्तीची उचल भरली. दुसरी पाळी बंद केली. पेट्यांना पिना मारणाऱ्या आणि चिकटवणाऱ्या बावीस बायका घरी बसल्या. हा आकडा मला तपासणीच्या अहवालात वाचायला मिळाला, तिथे तो एका ओळीत होता. मी माझ्या पत्रात त्या बावीस जणींचा विचार केला नव्हता. त्याच्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, पण त्यांच्याबद्दल वाटतं, आणि त्याचं मी काही करू शकले नाही. त्या मार्चमध्ये मी सल्लागाराचं काम सोडलं. कारण लिहिलं, वैयक्तिक. ते खरंच होतं.

आता मला न आवडणारा भाग. वर्षभरात नवी गिऱ्हाइकं शोधायची अट डोक्यावर होती, म्हणून त्याची सून स्कूटर घेऊन बाहेर पडली. धुळ्याचे मिरचीपूड करणारे, जळगावचे पापड, औषधांचे घाऊक व्यापारी, वरणगावचा एक साबणवाला. तिनं साध्या, न छापलेल्या पेट्या विकायला सुरुवात केली, वर ज्याचं त्यानं लेबल चिकटवायचं. कोणी दोनशे घ्यायचा, कोणी पाचशे. सासरे म्हणायचे, ही भाजीवाल्यासारखी गिऱ्हाइकं. दीड वर्षानं एका हंगामात केळीच्या बागांवर रोग पडला, सावद्याच्या निर्यातदारानं पेट्या घेणं एका फोनवर थांबवलं आणि पुढच्याच आठवड्यात रावेरच्यानं. जुना कारखाना असता तर त्या महिन्यात संपला असता. हा संपला नाही. माझ्या टिपणानं तो वाचला. मला हे व्यवस्थापकांनी मोठ्या कौतुकानं फोन करून सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, आणि फोन ठेवला. मला तो बुडायला हवा होता की माझं टिपण कामी यायला हवं होतं, हे मी ठरवलंच नव्हतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तर त्या लग्नातल्या बाई, त्याची बायको, जे बोलल्या ते असं अर्धं खरं. कारखाना मी बसवला नाही. बसण्याची तयारी त्यानं स्वतः पंचवीस वर्षं केली होती, आणि वेळेवर सावध करणाऱ्या बाईला त्यानं शिंदखेड्याला पाठवलं. पण मी एका वाक्यानं त्याला ढकललं, जाणूनबुजून, बँकेच्या कागदावर. ते चूक होतं. पुन्हा संधी मिळाली तर मी ते वाक्य लिहिणार नाही असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. बावीस बायकांसाठी नाही लिहिणार. त्याच्यासाठी लिहीन.

कारखाना चालू आहे. एक पाळी, एक मशीन, सव्वीस गिऱ्हाइकं. बावीसपैकी नऊ बायका परत कामावर आहेत. तुमची आई मला दर रविवारी फोन करते आणि दहावीबद्दल अजूनही काही बोलत नाही. माझा राग आहे तेवढाच आहे.